बायोस अपडेट कधी करावे, आणि मध्येच लाईन गेली तर काय

एटापल्लीत जून उजाडला की सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला हे सगळे प्रवेशाच्या तारखेआधी हवे असते. नेमक्या याच दिवसांत वादळवारा सुरू होतो. आलापल्लीकडून येणारी वीजवाहिनी जंगलातून येते. सागाची किंवा बांबूची एक फांदी तारेला टेकली की फीडर ट्रिप होतो. लाइनमन लाईन चार्ज करून पाहतो, ती पुन्हा पडते, पुन्हा चार्ज होते. तासाभरात लाईन आली, गेली, आली, गेली असे होणे इथे कुणाला नवे नाही. अशा गावात संगणकाच्या पडद्यावर 'नवे बायोस उपलब्ध आहे' अशी सूचना झळकली, तर पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाने दिलेला सल्ला जसाच्या तसा घेता येत नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की नव्या आवृत्तीत काय आहे. इथे दुसराही प्रश्न असतो. अपडेट फसले तर ते यंत्र चामोर्शीवरून गडचिरोलीला किंवा त्याही पुढे चंद्रपूरला जाईल, आणि तोपर्यंत रांगेतल्या पोरांचे दाखले कुठून निघणार?

आधी धोका मोजून घेऊ, कारण भीती बहुतेकांना आहे पण ती नेमकी कशाची, हे थोड्यांनाच ठाऊक असते. बायोस हार्डडिस्कवर नसते. मदरबोर्डवर आठ पायांची, करंगळीच्या नखापेक्षाही छोटी एक फ्लॅश चिप असते आणि तिच्यात ते राहते. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर ही चिप १२८ मेगाबिटची, म्हणजे १६ मेगाबाइटची असते. नव्या बोर्डांवर ३२ मेगाबाइटचीही सापडते. या चिपचा एक स्वभाव आहे आणि सगळा धोका त्यातूनच येतो: तिच्यात जुन्यावर नवे लिहिता येत नाही. आधी पुसावे लागते, आणि पुसणे एकेका बाइटचे होत नाही, ४ किंवा ६४ किलोबाइटच्या अख्ख्या तुकड्याचे होते. पुसलेल्या तुकड्यात नुसते एक-एक-एक उरतात. मग त्यात २५६ बाइटच्या पानापानाने नवे लिहिले जाते आणि शेवटी वाचून पडताळले जाते.

आता हिशेब करू. १६ मेगाबाइटच्या एखाद्या नेहमीच्या चिपमध्ये ६४ किलोबाइटचा एक तुकडा पुसायला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. असे तुकडे २५६, म्हणजे पुसण्यात ३८-४० सेकंद गेले. एक पान लिहायला सुमारे ०.७ मिलिसेकंद लागतात आणि पाने ६५,५३६ आहेत, म्हणजे आणखी ४५ सेकंदांच्या आसपास. वर पडताळणी. पडद्यावरची पट्टी दोन ते पाच मिनिटे सरकताना दिसते, पण चिप खरोखर उघडी पडलेली असते ती साधारण दीड-दोन मिनिटे. धोका आहे तो एवढ्याच वेळात.

या दोन मिनिटांतही सगळे सेकंद सारखे घातक नसतात. बायोस पोटातून एकसंध नसते. अगदी सुरुवातीचा भाग, ज्याला जुने मेकॅनिक अजूनही बूट ब्लॉक म्हणतात, तो प्रोसेसर जागा झाल्यावर सर्वांत आधी चालतो आणि रॅम ओळखून चालू करतो. त्यानंतरचा मोठा भाग दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवलेला असतो. डिस्प्ले, यूएसबी, कीबोर्ड, सेटिंगची पाने हे सगळे त्यात असते. हा दाबलेला भाग अर्धा जुना आणि अर्धा नवा राहिला तर तो उलगडतच नाही. म्हणून पट्टी ऐंशी टक्क्यांवर असताना लाईन गेली तरी 'ऐंशी टक्के बायोस' मिळत नाही. पडदा काळाच राहतो. पण बूट ब्लॉक शाबूत असेल तर तो स्वतःच ओळखतो की पुढचा भाग बिघडला आहे, आणि बऱ्याच बोर्डांवर पेनड्राइव्हमध्ये मूळ फाइल शोधू लागतो. खुद्द बूट ब्लॉकचाच तुकडा पुसलेला असताना लाईन गेली, तर मात्र शोधणाराच कुणी उरत नाही.

अपडेट कुठून चालवले यावरही बरेच अवलंबून असते. लॅपटॉपवर विंडोज अपडेटमधून किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून आलेले बायोस बहुतेक वेळा दोन टप्प्यांत बसते. आधी फाइल डिस्कवर नुसती ठेवली जाते. मग यंत्र रिस्टार्ट होते, फाइलची सही तपासली जाते आणि त्यानंतरच चिपला हात लागतो. पहिल्या टप्प्यात लाईन गेली तर काहीही बिघडत नाही. रिस्टार्टनंतर कंपनीच्या लोगोखाली जी पट्टी येते, ती खरी. काही डेस्कटॉप बोर्डांसोबत येणारी जुनी सॉफ्टवेअरे मात्र विंडोज चालू असतानाच थेट चिपवर लिहितात. तिथे लाईनच्या जोडीला विंडोज अडकण्याचाही धोका असतो. ती वापरूच नयेत. बायोसच्या सेटिंगमध्ये शिरून तिथल्याच फ्लॅश सोयीने, एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून काम करावे.

मग अपडेट करावे तरी कधी? माझे मत स्पष्ट आहे: ज्या अडचणीचे नाव सांगता येते आणि जी नव्या आवृत्तीच्या टिपणात लिहिलेली आहे, तिच्यासाठीच. 'संगणक स्लो झाला', 'नेट नीट चालत नाही', 'प्रिंटर अडकतो' यांपैकी कशाचाही बायोसशी सहसा संबंध नसतो. टिपणात नुसते 'सिस्टीमची स्थिरता वाढवली' एवढेच असेल आणि तुमचे यंत्र आधीच स्थिर असेल, तर एटापल्लीत त्यासाठी चिपला हात लावू नये.

पण काही अपडेट टाळणेच चुकीचे ठरते. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर काही बोर्डांवर जळाल्याचे समोर आले. प्रोसेसरच्या एका भागाला बोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते, आणि ते १.३ व्होल्टच्या आत ठेवणारे बंधन बायोसमधूनच आले. पुढच्याच वर्षी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची पाळी आली. जास्तीच्या व्होल्टेजने ते हळूहळू झिजत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड `0x129` आणि सप्टेंबरमध्ये `0x12B` दिला, आणि तो वापरणाऱ्यांपर्यंत मुख्यतः बोर्डाच्या बायोसमधूनच पोचला. एकदा झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, पण धड असलेला वाचतो. इंटेलने अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली ती यामुळेच. लग्नाच्या शूटिंगचे एडिटिंग करणाऱ्या स्टुडिओत चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल आणि बायोस २०२३ चे असेल, तर तिथे लाईन जाण्याच्या भीतीपेक्षा अपडेट न करण्याचे नुकसान मोठे आहे.

सुरक्षेची बाब थोडी वेगळी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये 'लोगोफेल' नावाने उघड झालेल्या त्रुटींनी दाखवून दिले की चालू होताना दिसणारे कंपनीचे चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच भोक असू शकते. असे अपडेट लॅपटॉपवर जरूर घ्यावे. सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात, त्याबद्दलही लोक घाबरतात. मुदत संपली म्हणून यंत्र चालू व्हायचे थांबत नाही. बूटसंबंधीची पुढची सुरक्षा अपडेट मिळणे थांबते. नवी प्रमाणपत्रे बहुतेक यंत्रांत विंडोज अपडेटमधूनच येतात, आणि काही यंत्रांना आधी कंपनीचे नवे बायोस लागते. तेव्हा प्रत्येकाने धावत जाऊन फ्लॅश मारण्याचे हे कारण नाही.

सर्वांत जास्त विनाकारण फ्लॅश मारले जातात ते विंडोज ११ साठी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि दुकानादुकानांत तपासणी सुरू झाली. आठव्या पिढीचा आय३ असलेल्या साध्या बोर्डावर तपासणीचे सॉफ्टवेअर म्हणते, टीपीएम २.० नाही. दुकानदार म्हणतो, बायोस अपडेट करावे लागेल. पण त्या पिढीच्या बहुतेक बोर्डांमध्ये टीपीएमची सोय आधीपासूनच असते, फक्त बंद असते. बायोसच्या सेटिंगमध्ये इंटेलकडे `PTT` आणि एएमडीकडे `fTPM` या नावाने ती सापडते. ती चालू करायची, सेव्ह करायचे आणि विंडोजमध्ये `tpm.msc` उघडून `2.0` दिसते का पाहायचे. दिसले तर फ्लॅश मारण्याची गरजच नाही. बहुधा पुढची अडचण निघते ती डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असण्याची, आणि तीही बायोस बदलून सुटणारी नाही.

ज्याला फ्लॅश खरोखर टाळता येत नाही, असे एक उदाहरण पूर्ण पाहू. गावाकडे रायझनचे स्वस्त डेस्कटॉप बरेच आले. समजा २०१९ मध्ये घेतलेला बी४५० चिपसेटचा बोर्ड आहे आणि त्यावर रायझन ३ २२००जी. मालकाला वापरलेला रायझन ५ ५६००जी चांगल्या किमतीत मिळतो आहे. सॉकेट तोच आहे, प्रोसेसर बसतो, पण २०१९ च्या बायोसला तो ओळखता येत नाही. त्यामुळे नवा प्रोसेसर लावून चालू केले तर पडदा काळाच राहील. म्हणून पहिला नियम असा की जुना प्रोसेसर बसलेला असतानाच फ्लॅश मारायचा आणि तो काढायचा नंतर.

त्याआधी बोर्डाचे नाव आणि बायोसची आवृत्ती नेमकी लिहून घ्यायची. `msinfo32` मध्ये ती दिसते, किंवा पॉवरशेलमध्ये असे विचारता येते:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select Manufacturer, Product, Version
Get-CimInstance Win32_BIOS | Select SMBIOSBIOSVersion, ReleaseDate
```

तरीही कॅबिनेट उघडून बोर्डावर छापलेली रिव्हिजन स्वतः वाचावी. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनमध्ये बायोस वेगळे असू शकते, आणि कोणत्या रिव्हिजनला कोणती फाइल हे कंपनीच्या पानावरच कळते. त्याच पानावर प्रत्येक आवृत्तीखालचे टिपण शेवटपर्यंत वाचावे. 'आधी अमुक आवृत्ती बसवा, मगच ही' अशी अट तिथे असू शकते. 'या आवृत्तीनंतर मागे जाता येणार नाही' असेही असू शकते. काही बोर्डांवर १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये सगळे प्रोसेसर मावेनात, म्हणून कंपन्यांनी एएम४ च्या पुढच्या आवृत्त्यांतून फार जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला. तेव्हा आपला आत्ता बसलेला प्रोसेसर नव्या आवृत्तीच्या यादीत आहे ना, हेही पाहायचे. नसेल तर फ्लॅश यशस्वी झाल्यावरही पडदा काळा राहील, आणि लाईन न जाता यंत्र मेले असे वाटेल.

फाइल नेट धड असताना आधीच उतरवून ठेवावी. लाईन गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, आणि अर्धवट उतरलेल्या फाइली इथे नित्याच्या आहेत. कंपनीने चेकसम दिला असेल तर तो जुळवावा:

```
certutil -hashfile bios.zip SHA256
```

फ्लॅशची सोय चुकीची किंवा तुटकी फाइल बहुधा नाकारते. पण त्या 'बहुधा'वर विसंबू नये.

आता विजेची बाजू, आणि एटापल्लीसाठी लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. लाईन गेल्या क्षणी संगणक लगेच मरत नाही. एसएमपीएसच्या आतले कपॅसिटर चांगल्या प्रतीचे असतील तर पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतात. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे ही मुदत एका आवर्तनाहूनही कमी. फ्लॅश चालू असताना यंत्रावर भार कमी असतो, म्हणून ती थोडी लांबते. पण कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसमध्ये कपॅसिटरच लहान असतात. यूपीएसला बॅटरीवर यायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे धड यूपीएसवर संगणकाला लाईन गेल्याचे कळतही नाही.

घरगुती इन्व्हर्टरचे तसे नाही. त्याच्या मागे किंवा बाजूला एक बटण असते, एकीकडे `UPS` आणि दुसरीकडे `Normal`, `Wide` किंवा `Eco`. पंखा-दिव्यासाठी ते दुसऱ्या बाजूला ठेवलेले असते, आणि त्या अवस्थेत बदलाला लागणारा वेळ इतका वाढतो की संगणक रिस्टार्ट होऊ शकतो. मग बटण `UPS` कडे करून टाकावे की झाले, असे वाटते. आमच्यासारख्या लाईनच्या शेवटच्या टोकाला इथे आणखी एक अडचण आहे. त्या अवस्थेत इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज स्वीकारत नाही आणि बॅटरीवर जातो. संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आले की लाईन असूनही बॅटरी उतरत राहते. घरात दिवे चालू असल्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. रात्री आठला बॅटरी भरलेली आहे असे समजून फ्लॅश मारायला बसलेला माणूस खरे तर जवळपास रिकाम्या बॅटरीच्या आधाराने बसलेला असतो. म्हणून आधी मल्टिमीटरने किंवा स्टॅबिलायझरच्या काट्यावर व्होल्टेज पाहावे आणि हे काम सकाळी करावे.

यूपीएसचा हिशेबही कागदावर छान दिसतो. साध्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप बायोसमध्ये असताना मॉनिटरसकट ७०-८० वॅट ओढतो. सगळी शक्ती हाती येत नाही हे धरूनही नवी बॅटरी वीस मिनिटे सहज काढेल. पण इकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत तापलेली ही बॅटरी दोन-अडीच वर्षांत आतून संपते. हिरवा दिवा लागतो, भार आला की काही सेकंदांत बसते. तेव्हा हिरव्या दिव्यावर विश्वास न ठेवता परीक्षा घ्यावी. संगणक चालू करून बायोसच्या सेटिंगचे पान उघडावे, तिथे बिघडण्यासारखे काही चालू नसते. मग यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करून दहा मिनिटे बसावे. यंत्र टिकले तर स्विच चालू करून बॅटरी पुन्हा पूर्ण भरू द्यावी, चार-सहा तास जाऊ द्यावेत, आणि मग फ्लॅश मारावा. दहा मिनिटांच्या आत यंत्र बंद पडले, तर आधी बॅटरी बदलावी. सगळ्या उपायांत मला हाच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण याला पैसा लागत नाही आणि याचे उत्तर संदिग्ध नसते. प्रिंटर, विशेषतः लेझर प्रिंटर, त्या यूपीएसवरून काढून ठेवावा.

लॅपटॉपला हा त्रास कमी, कारण बॅटरी पोटातच असते. चार्जर लावलेला असावा आणि बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असावी. डेलची सॉफ्टवेअरे चार्जर नसेल किंवा बॅटरी १० टक्क्यांहून कमी असेल तर सुरूच होत नाहीत. पण फुगलेली किंवा चार्जर काढताच बंद पडणारी बॅटरी असलेला लॅपटॉप डेस्कटॉपइतकाच असुरक्षित असतो, आणि त्यालाही तीच स्विचची परीक्षा लावावी. लॅपटॉपवर आणखी एक सापळा आहे. अनेक नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद असते. बायोस बदलले की ते कुलूप ४८ अंकी किल्ली मागू शकते, आणि किल्ली ज्या ईमेलच्या खात्यात साठली ते खाते दुकानदाराने उघडलेले असते. म्हणून आधी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर हे पाहावे:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 1
```

दुसऱ्या ओळीने दिसणारी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. तिसरी ओळ एका रिस्टार्टपुरते कुलूप बाजूला ठेवते.

आपल्या बी४५० च्या उदाहरणाकडे परत येऊ. सेटिंगची पाने मोबाइलने टिपून घ्यावीत, कारण अपडेटनंतर ती सगळी मूळपदावर जातात. डिस्कचा प्रकार एएचसीआयऐवजी रेड झाला किंवा जुनी लेगसी बूटची सोय बंद झाली, की विंडोज उघडत नाही आणि माणूस समजतो बायोस बिघडले. मग जुन्या प्रोसेसरवरच फ्लॅश चालवावा. पट्टी सरकू लागली की कशालाही हात लावू नये. ती एका ठिकाणी मिनिटभर थांबू शकते. त्यानंतर यंत्र आपोआप एक-दोनदा बंद-चालू होऊ शकते आणि पडदा काही वेळ काळा राहू शकतो, कारण रॅमची जुळवाजुळव नव्याने होत असते. एएम५ च्या बोर्डांवर तर हा वेळ कित्येक मिनिटांचा असतो. अडकले असे समजून माणसाने स्वतःच बटण दाबले, तर ते लाईन जाण्याइतकेच घातक. निदान पंधरा मिनिटे थांबावे. जुन्या प्रोसेसरवर नवी आवृत्ती दिसली, विंडोज उघडले, की मगच यंत्र बंद करून ५६००जी बसवावा.

एवढे करूनही लाईन गेलीच आणि यंत्र उठेना, तर नेमके काय बिघडले ते आधी ओळखावे. पंखा फिरतो, डिस्प्ले नाही, किंवा यंत्र दर काही सेकंदांनी आपणच बंद-चालू होते, ही बायोस बिघडल्याची लक्षणे आहेत, पण सैल रॅमचीही हीच असतात. बोर्डाला स्पीकर लावून सगळी रॅम काढावी आणि चालू करावे. रॅम नसल्याची बीप ऐकू आली तर बूट ब्लॉक जिवंत आहे, आणि ही चांगली बातमी. मग एफएटी३२ पेनड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नेमक्या नावाने फाइल ठेवावी. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकू लागला, की बोर्ड ती वाचतो आहे असे समजावे. एचपीच्या अनेक लॅपटॉपवर चार्जर लावून विंडोज आणि बी ही बटणे धरून पॉवर दाबले की रिकव्हरी सुरू होते. तिथे कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून बिघाडाची जातही सांगतो. डेलच्या बऱ्याच यंत्रांवर हेच काम कंट्रोल आणि एस्केप धरून होते. काही डेस्कटॉप बोर्डांवर मागे वेगळे फ्लॅश बटण असते. आसुसचे फ्लॅशबॅक, एमएसआयचे फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइटचे क्यू-फ्लॅश प्लस यांना प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले काहीच लागत नाही, फक्त वीज आणि पेनड्राइव्ह. बूट ब्लॉकही पुसला गेला असेल तरी ही सोय बोर्डाला वाचवते. नवा बोर्ड घेताना हे बटण आहे का, हे आपल्या भागातल्या माणसाने आवर्जून विचारावे.

यातले काहीच नसेल, तर शेवटचा उपाय प्रोग्रामरचा. चिपच्या आठ पायांना क्लिप लावून काही शे रुपयांच्या सीएच३४१ए प्रोग्रामरने तिच्यावर बाहेरून लिहिता येते. हे काम करणाऱ्यांकडून दोन चुका वारंवार होतात. नव्या लॅपटॉपमधल्या बऱ्याच चिपा १.८ व्होल्टच्या असतात आणि साधा प्रोग्रामर ३.३ व्होल्ट देतो; मध्ये अडॅप्टर न लावता जोडले तर चिप जळते. दुसरी चूक म्हणजे चिपमधले जुने वाचून न ठेवताच थेट नवे लिहिणे. बिघडलेल्या चिपमध्येही त्या यंत्राचा सीरियल नंबर, बऱ्याचदा नेटवर्कचा मॅक पत्ता आणि कंपनीने टाकलेली विंडोजची किल्ली शाबूत असू शकते. नेटवरून उतरवलेला दुसऱ्याच्या यंत्राचा डम्प भरला, तर यंत्र चालू होते, पण दुसऱ्याची ओळख घेऊन. कधी नेटवर्क नीट चालत नाही, कधी विंडोज सक्रिय होत नाही. म्हणून आधी दोनदा वाचून दोन्ही फाइली अगदी सारख्या आहेत ना ते पाहावे, आणि मगच पुढे जावे:

```
flashrom -p ch341a_spi -r old1.bin
flashrom -p ch341a_spi -r old2.bin
```

दोन फाइली जुळल्या नाहीत तर क्लिप सैल आहे. चिप दोषी ठरवण्याआधी क्लिप नीट बसवावी. मेकॅनिककडे यंत्र टाकताना 'जुना डम्प काढून ठेवा आणि मला द्या' एवढे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे.

एटापल्लीपुरता माझा निष्कर्ष असा. चांगली बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर सुरक्षेचे अपडेट घ्यावे, बिटलॉकरची किल्ली लिहून ठेवून. डेस्कटॉपवर नाव घेता येईल असे कारण असल्याशिवाय घेऊ नये, आणि कारण असेल तर आधी बचावाची वाट कोणती ते पाहून, यूपीएसची परीक्षा घेऊन घ्यावे. मोसमही निवडता येतो. डिसेंबर-जानेवारीत वारा नसतो, फीडर फारसा पडत नाही, केंद्रावर रांगाही नसतात. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर नियोजित बंदचा एसएमएस येतो. तो दिवस टाळावा. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना एकच विनंती: प्रत्येक यंत्राच्या बोर्डाचे नाव, रिव्हिजन आणि चालू बायोसची आवृत्ती एका कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा, त्या आवृत्तीची फाइल एका पेनड्राइव्हवर ठेवा, आणि या कामातले जे काही करायचे ते मे महिन्याआधी उरका.